मदत हवी आहे: ६ मीटर उभा कट, ४ मीटरचे नेल पुरतील का?

त्रिमूर्तीनगरकर: बेसमेंटसाठी ६ मीटर उभा कट आहे. वर दीड मीटर काळी माती, खाली घट्ट मुरूम. बोअरमध्ये पाणी लागलं नाही, पण बोअर मे महिन्यातलं. हद्दीपासून ३ मीटरवर शेजाऱ्याचं दुमजली घर. कंत्राटदार म्हणतो ४ मीटरचे सॉइल नेल, म्हणजे कटच्या तोंडातून मातीत घातलेल्या सळ्या, २ मीटर अंतराने. चालेल?

साइटवाला_भाऊ: उंचीच्या ०.७ पट लांबी असते. ६ चे ४.२. जवळपास बरोबरच आहे.

मुरूम_आणि_मी: ०.७ पटीने हिशोब सुरू होतो, संपत नाही. अंतर सोडून लांबी ठरत नाही. एक नेल स्वतःभोवतीचा चौकोन सांभाळतो, २ बाय २ म्हणजे ४ चौरस मीटर. साडेचार मीटर खोलीवर दाब ढोबळमानाने ३१ किलोपास्कल धरा, म्हणजे नेलवर सव्वाशे किलोन्यूटन. शेजाऱ्याचं घर यात धरलेलंच नाही.

आता पकड. १०० मिमीच्या भोकात ग्राउट, म्हणजे सळीभोवती भरलेला सिमेंटचा घोळ, आणि मुरूम यांची पकड ८० किलोपास्कल मानली, तर मीटरला २५ किलोन्यूटन. पहिला पाऊण मीटर घसरणाऱ्या मातीतच जातो, तो मोजायचा नाही. उरलेल्या सव्वातीन मीटरमध्ये नेल उपटून येईपर्यंत ८० मिळतात. लागतात १२५!

अंतर दीड मीटर केलं की भार ७० वर येतो. पकड निम्मीच वापरायची म्हटली तर घसरणाऱ्या मातीच्या मागे साडेपाच मीटरहून जास्त, एकूण साडेसहा. वरच्या रांगेत भार कमी, पण १५ अंश उताराच्या नेलला घसरणीची रेघ पावणेतीन मीटरवर भेटते. ४ मीटरच्या नेलचा जेमतेम सव्वा मीटर उरतो, तोही काळी माती संपते तिथेच. कट किती झुकेल ते मुख्यतः याच रांगेवर असतं.

रेशीमबागवाले: आमच्या कंपाउंडला दर उन्हाळ्यात भेगा पडतात. तिथे हे खिळे ठोकून भागेल का जी?

मुरूम_आणि_मी: नाही काका, तुमचा प्रश्न पायाचा आहे. इथे भोक पाडून सळी घालतात आणि ग्राउट भरतात.

त्रिमूर्तीनगरकर: साडेसहा मीटर म्हणजे शेजाऱ्याच्या घराखाली?

मुरूम_आणि_मी: हो. लेखी संमती घ्या, सळ्या कायमच्या तिथेच राहतात. त्यांचा सेप्टिक टँक कुठे आहे तेही विचारा. नाही म्हणाले तर पाइलचा विचार करा.

ड्रिलिंगवाली: ८० हा आकडा कागदावरचा आहे. आधी एक जादा नेल घालून जॅकने ओढून बघा. भार तसाच धरून १० मिनिटं डायल गेजचा काटा पाहायचा. तो सरकतच राहिला तर पकड कमी धरा. शिवाय एका वेळी दीड मीटरच खोदा. तोंडावर शॉटक्रीट, म्हणजे फवारलेलं काँक्रीट, व्हायच्या आत माती सुटली तर अंतर आणखी कमी करावं लागेल.

साइटवाला_भाऊ: खालची रांग तरी छोटी चालेल ना?

मुरूम_आणि_मी: मी नाही करणार. काही जण करतात.

त्रिमूर्तीनगरकर: कंत्राटदार टेस्टचे पैसे वेगळे मागतोय. आणि वरची काळी माती उतार देऊन काढली तर?

ड्रिलिंगवाली: जागा असेल तर काढाच. पण तुमच्या मागे ३ मीटरच आहेत, तेही शेजाऱ्याचे.