प्रतिसाद: दोन्ही हात नसताना खातं कसं चालवायचं

> मळणीयंत्रात भावाचे दोन्ही हात गेले. बीडच्या शाखेत म्हणतात, सहीशिवाय पैसे नाहीत, मुखत्यारपत्र आणा. करावं काय?

दादा, मुखत्यारपत्राआधी पैसे काढायचा सरळ मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो. पायाचा ठसाही शक्य नसेल तर नुसती खूण चालते. ती दुसऱ्यानं उमटवली तरी चालते, पण पेन किंवा शिक्का आधी भावाच्या अंगाला लागलेला हवा. त्या स्पर्शामुळेच ती खूण कायद्यानं त्यांची ठरते. अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखतच करा. घरून खूण करून आणलेली स्लिप परत येते, कारण साक्ष समोर घडलेल्या गोष्टीचीच देता येते.

समजा, पाच हजार काढायचेत. स्लिपवर ठसा आणि दोन्ही साक्षी झाल्या की रोकड कोण घेणार ते भाऊ सांगतील. त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदार पटवतात आणि तो स्वतःची सही बँकेला देतो. म्हणून पैसे घेणाऱ्याला साक्षीदार करू नका.

दर वेळी हे जमणार नसेल तर त्या एकाच खात्यापुरतं अधिकारपत्र द्या. त्यात काढण्याची मर्यादा लिहा. सगळ्या मालमत्तेचं मुखत्यारपत्र यासाठी देणं मला धोक्याचं वाटतं. शाखा तरीही अडली तर नकार लेखी मागा. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.