उत्तर बरोबर असेल, तर सूत्राचे गुण का कापायचे?

ठाणेकर पालक: मुलाच्या स्प्रेडशीटच्या गृहपाठात सगळी उत्तरे बरोबर असूनही शिक्षकांनी १० पैकी ४ गुण दिले. उत्तर जुळले, तर सूत्र कसे लिहिले याने काय बिघडते?

वाशीची शिक्षिका: अशी ३० सूत्रे रोज तपासते, म्हणून हे वाचून राहवले नाही. मुलाचे सूत्र बहुधा असे असेल:

```
=IF(B2>=35,"उत्तीर्ण",IF(B2>=75,"विशेष प्रावीण्य","अनुत्तीर्ण"))
```

पहिली अट खरी ठरली की पुढची पाहिलीच जात नाही, त्यामुळे ८२ गुण मिळवणाराही नुसता ‘उत्तीर्ण’ ठरतो. यादीत कोणालाच ७५ नसतील, तर मात्र उत्तरे बरोबर दिसतात. म्हणून मी B2 मध्ये ३४, ३५, ७४ आणि ७५ घालून पाहते. ७५ ची अट आधी लिहिलेली असेल, तरच हे चारही टिकतात.

कोपरखैरणेचा खजिनदार: परीक्षेचे सोडा, आमच्या सोसायटीची देखभाल बिले ऐका. F1 मध्ये घरांचा दर ३ रुपये आणि F2 मध्ये दुकानांचा ४ रुपये होता. आधीच्या खजिनदारांनी C2 मध्ये हे लिहून खाली ओढले:

```
=B2*F1
```

पहिल्या ४५० चौरस फुटांच्या घराचे १३५० बरोबर आले. पुढच्या ओळीत मात्र दर F2 झाला आणि ५२० फुटांच्या घराला १५६० ऐवजी २०८० लागले. तिसऱ्या ओळीत शून्य आले, ते सर्वांनी पाहिले. २०८० रुपये त्या सदस्याने मुकाट भरले!

ऐरोलीचा हिशेबनीस: एवढा गहजब कशाला? सगळीकडे `$` लावा, प्रश्न मिटला.

कोपरखैरणेचा खजिनदार: मिटला नाही, साहेब. `=$B$2*$F$1` ओढल्यास सर्व घरांना १३५० लागतील. क्षेत्रफळ सरकले पाहिजे, दर जागेवर राहिला पाहिजे. लिहिण्यापूर्वी एकदा ओढून पाहायचे होते.

ऐरोलीचा हिशेबनीस: बरे, B2 च्या `$` बाबत चुकलो, खजिनदारकीचा तोरा मात्र आपल्याजवळच ठेवा. फक्त खाली ओढायचे असेल, तर `F$1` ही चालते. तरी माझ्या भाचीचे त्यावरून २ गुण कापले, ते कोणत्या न्यायाने?

वाशीची शिक्षिका: खाली ओढण्यापुरते ते बरोबरच आहे, मी गुण कापले नसते. तेच सूत्र उजवीकडे ओढले, तर दर G1 मधून येईल, पण प्रश्नात ते विचारले होते का, हे तुम्हीच सांगा. मी पहिली ओळ तपासतच नाही. शेवटच्या ओळीच्या सूत्रात दराचा पत्ता अजून F1 आहे का, तेवढे पाहते.

ठाणेकर पालक: मुलाच्या यादीत सर्वाधिक गुण ७१ आहेत. ८० घातले, तर ‘उत्तीर्ण’ आले. ठीक आहे, गुण कापा. पण ७५ च्या वरचा एकही विद्यार्थी नसलेली यादी गृहपाठाला कोणी दिली?