मदत हवी आहे: दूध पावतीच्या फोटोवरून महिन्याचा हिशोब जुळत नाही

गोठ्यातली लेक: सांगोल्याजवळच्या गावात वडिलांच्या दोन जर्शी गाई आहेत. डेअरीची पावती ते दोन्ही वेळा फोटो काढून पाठवतात आणि मी सोलापुरात बसून शीटमध्ये लिटर, फॅट, दर, रक्कम भरते. पावती खिशात घामाने भिजली की आकडे उडतात. ७ तारखेच्या संध्याकाळी लिटर ८.५ की ६.५, फॅट ३.८ की ३.६, काही कळेना. दर ३३.२० आणि रक्कम २८२.२० स्पष्ट दिसते. महिन्याची फॅटही काढायची आहे. त्यात वर माझी बेरीज हातात आलेल्या पैशांशी जुळत नाही. वडील म्हणतात, डेअरीवाले कापतात. पण मला उगाच कुणावर संशय घ्यायचा नाही.

पंढरीचा पाटील: ताई, रकमेला दराने भागा, ८.५ येतात. रक्कम जुळली म्हणजे फॅटही बरोबर. महिन्याची फॅट काढायला सरळ AVERAGE लावा.

दूधवाला मास्तर: भाऊ, लिटरचं बरोबर सांगितलंत. पण त्या गुणाकारात फॅट येतच नाही, त्यामुळे ३.८ लिहा नाहीतर ३.६, रक्कम जुळणारच. ताई, त्याच दहा दिवसांतली ३३.२० दराची स्पष्ट पावती शोधा. दोन्हींवर एसएनएफ एकच असेल तर तिची फॅट धरा, आणि केंद्रावरच्या दरपत्रकाशी ताडून बघा.

सरासरीत लिटरचं वजन धरावं लागतं. सकाळी १४ लिटरला ३.६ आणि संध्याकाळी ६ लिटरला ४.२ लागली, तर सरळ सरासरी ३.९ येते, पण खरी ३.७८. C मध्ये लिटर, D मध्ये फॅट असेल तर:

```
=SUMPRODUCT(C2:C63,D2:D63)/SUM(C2:C63)
```

फॅटची जागा रिकामी ठेवू नका. सूत्र तिथं शून्य धरतं, लिटर मात्र मोजतं, आणि सरासरी खाली येते.

म्हैसवाली मावशी: आमच्या म्हशीला परवा ७.१ लागली, आज ६.२. मशीनच बिघडलंय का?

दूधवाला मास्तर: मावशी, आधी बघा, शेवटची धार पूर्ण काढली होती का. फॅट शेवटच्या दुधातच जास्त असते. पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे.

ताई, तुमच्याकडे बिल दहा दिवसांचं असतं ना? मग २१ ते महिनाअखेरचं बिल पुढच्या महिन्यात हातात येतं, आणि पेंडीचे व उचलीचे पैसे त्यातूनच वळते होतात. पगाराचा वेगळा तक्ता करा: बिलाचा काळ, दुधाची रक्कम, पेंड, उचल, हाती आलेले.

गोठ्यातली लेक: अगदी तसंच निघालं, मास्तर! तीन पोती पेंड मी धरलीच नव्हती. तरी १४६ रुपयांचा फरक राहतोय. १९ तारखेच्या सकाळच्या पावतीची रक्कमही पुसली आहे, फक्त लिटर दिसतात. ती कशी भरू?

पंढरीचा पाटील: आदल्या दिवशीचाच दर लावा.

दूधवाला मास्तर: नको. केंद्रावर संगणकात नोंद असते, सभासद क्रमांक सांगून दुसरी प्रत मागा. तोवर तो खाना पिवळा करून ठेवा.

गोठ्यातली लेक: वडील उद्या सकाळी दूध घालायला जातील तेव्हा विचारतील.