मदत हवी आहे : प्रॉडक्शन सोडून क्वालिटीत जाऊ का?

सेकंडशिफ्ट_सांगली
नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला नऊ वर्षं, त्यातली चार शिफ्ट सुपरवायझर म्हणून. बिडाच्या कास्टिंगचं बोअरिंग करतो. आता क्वालिटी इनचार्जची जागा रिकामी झालीय आणि साहेब म्हणतात, ये. पुढंमागं प्लँट हेडपर्यंत जायची इच्छा आहे. रोज संध्याकाळी ब्रेकडाऊन आणि रिजेक्शनवरून मेंटेनन्स-क्वालिटीशी भांडण ठरलेलं. कुठल्या खात्यातून वर जाता येतं?

मिरजेचा_पाव्हणा
डोळे झाकून क्वालिटी घ्या. ऑडिटला कस्टमर समोर बसतो, नाव होतं. इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट काढा, पाच वर्षांत प्लँट हेड.

जुनाफोरमन
सर्टिफिकेटनं मुलाखतीपर्यंत पोचता येतं, पुढचं वेगळं असतं. सेकंडशिफ्ट, कालच्या एका मशीनचे आकडे टाका बघू. वेळ, बंद मिनिटं, सायकल टाइम, एकूण जॉब, रिजेक्शन.

सेकंडशिफ्ट_सांगली
जेवण वजा जाता 450 मिनिटं. ब्रेकडाऊन आणि सेटिंग 65. सायकल अडीच मिनिटं, लोडिंग धरून. जॉब 124, त्यात 4 रिजेक्ट.

जुनाफोरमन
चांगले जॉब 120, म्हणजे 300 मिनिटांचं काम. 450 पैकी 300, ओईई 67 टक्क्यांच्या आसपास. 150 मिनिटं गेली. त्यातली मेंटेनन्सच्या नावावर जास्तीत जास्त 65, रिजेक्शनची फक्त 10. उरलेली 75 कुठं गेली? मशीन चालू होतं त्या 385 मिनिटांत 154 जॉब निघायला हवे होते, तुमचे 124 निघाले. सगळ्यात मोठा तोटा कुठल्याच खात्याच्या नावावर नाही, म्हणून त्यावर भांडणही होत नाही. प्लँट हेडला नेमकं तेच विचारलं जातं. उद्या घड्याळ घेऊन दोन तास मशीनपाशी उभे राहा.

आयटीआय_फिटर
माझंही सांगा ना. मेंटेनन्समध्ये सहा वर्षं आहे, सुपरवायझर करत नाहीत, डिप्लोमा नाही म्हणतात.

जुनाफोरमन
आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पॉलिटेक्निकला चौकशी करा. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथं गाडी भरकटेल.

सेकंडशिफ्ट_सांगली
उभा राहिलो. लाज वाटली राव, चार वर्षं दिसलं नव्हतं. दर पाचव्या जॉबला ऑपरेटर बोअर मोजायला क्वालिटीच्या टेबलावर जातो. बोअर गेज एकच, मशीन तीन. जाऊन-येऊन, रांगेत थांबून सरासरी दोन मिनिटं. पाळीला पंचवीस खेपा, म्हणजे 50 मिनिटं! पाच मिनिटांच्या आतला थांबा रजिस्टरला लिहायची पद्धतच नाही. क्वालिटीवाले म्हणाले गेज टेबलावरून हलणार नाही, कॅलिब्रेशनचा प्रश्न आहे. शेवटी साहेबांना मध्ये घालून आठवड्यापुरतं दुसरं गेज मशीनपाशी आणलं.

मिरजेचा_पाव्हणा
झालं की मग! आकडे टाका.

सेकंडशिफ्ट_सांगली
जॉब 137 पर्यंत गेले. पण रिजेक्शन 4 वरून 9. बोअर लहान लागतंय. ऑपरेटर म्हणतो मशीनवर मोजलं तेव्हा बरोबर होतं. क्वालिटीवाले गालात हसतायत.

जुनाफोरमन
ऑपरेटर खोटं बोलत नसणार. बोअर कितीचं? 60 च्या पुढं असेल तर ताजा जॉब मास्टर रिंगपेक्षा 10 अंश गरम असला की सहा-सात मायक्रॉन मोठा दाखवतो. तो ऑफसेट कमी करतो, जॉब थंड झाला की बोअर लहान. टेबलापर्यंत जाण्यात आणि रांगेत जॉब थंड होत होता, म्हणून आजवर झाकलं गेलं. दुसरं, गेज हाताशी आलं की माणूस प्रत्येक रीडिंगला ऑफसेट हलवतो. इन्सर्ट झिजेल तसं बोअर हळूहळू एकाच दिशेनं लहान होतं. दोन-तीन मायक्रॉन मागं-पुढं हलणं म्हणजे झीज नव्हे. त्याला हात लावायचा नाही. रीडिंग कागदावर उतरवा आणि ओळीनं एकाच बाजूला सरकताना दिसली तरच ऑफसेट द्या. आणि ते 9 भंगारात टाकू नका, लहान बोअर पुन्हा कापता येतं.

सेकंडशिफ्ट_सांगली
62 चं आहे. आजपासून जॉब प्लेटवर दहा मिनिटं ठेवून मोजतोय, मास्टर रिंगही तिथंच. पाच जॉब मागं राहून मोजतोय, हे क्वालिटीला पटेना. मधले पाच वेगळ्या ट्रेमध्ये अडवून ठेवा म्हणतात.

कृष्णाकाठ_क्वाल
बारा वर्षं क्वालिटीत आहे. पाच अडवायचं बरोबरच आहे, रीडिंग येईपर्यंत पुढं सोडू नका. आणि प्रॉडक्शनच्या बाजूनं एक सांगते, आमच्या खात्यातून प्लँट हेड झालेले मी कमी पाहिलेत. डिस्पॅचचं टेन्शन कधी घेतलेलंच नसतं.

जुनाफोरमन
ताईंशी अर्धा सहमत. दोन वर्षं क्वालिटीत घालवून परत प्रॉडक्शनला आलेला माणूस मला जास्त उपयोगी वाटतो. पण परत घेतील का, हे साहेबांकडून आधी वदवून घ्या.

सेकंडशिफ्ट_सांगली
विचारलं. "बघू" म्हणाले. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.