दवाखाना पैसे भरून शिकवतो म्हणतो. बाँडवर सही करावी का?

पांढरकवड्याची सिस्टर
माझं जीएनएम झालंय, तालुक्याच्याच एका खाजगी दवाखान्यात नोकरी आहे. मालक पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगला यवतमाळला पाठवतो म्हणतात. कोर्स दोन वर्षांचा. करारनामा इंग्रजीत आहे, कामाचं तेवढं मराठीत लिहिते. फी 1,60,000, दोन हप्त्यांत दवाखाना भरणार. कोर्सभर महिन्याला 6,000, पण रविवारी आणि सुट्टीत ड्युटी. निकाल लागून कौन्सिलची नोंदणी झाली की पुन्हा रुजू व्हायचं, त्या तारखेपासून तीन वर्षं बाँड. कलम सात असं: ‘कोणत्याही कारणाने’ नोकरी संपली किंवा कोर्स राहिला तर ‘संस्थेचा संपूर्ण खर्च’ 18 टक्के व्याजाने परत. भावाची जामीनदार म्हणून सही आणि दोन कोरे चेक. घरचे म्हणतात, तीनच वर्षं आहेत, कर सही. तुम्ही काय केलं असतं?

बिनधास्त वणीकर
कर सही, काही होत नाही! कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 नुसार माणसाला काम करण्यापासून अडवणारा करार रद्दच असतो. शिकून घे, नागपुरात दुप्पट पगार मिळाला की जाय. कोर्टात बाँड टिकत नाही, कोणी वसूल करत नाही.

माजी एचआर, घुग्घुस
वणीकर, अर्धं बरोबर आहे. कलम 27 मुख्यतः नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू न देण्याला आडवं येतं. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे द्या, ही वेगळी गोष्ट. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते, त्यामुळे प्रत्येक खाजगी दवाखान्याला तो निकाल जसाचा तसा लागेल असं नाही. पण ‘टिकतच नाही’ यावर विसंबून सही करू नये. कलम 74 मात्र कामाचं आहे. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, न्यायालय त्याच्या आत रास्त भरपाई ठरवतं. तिथपर्यंत पोचायला वर्षं जातात, हा त्यातला खरा जाच.

ताई, आता तुमचे आकडे. तीन वर्षं ही चुकीची मोजणी आहे. कोर्सची दोन, त्यानंतर निकाल आणि नोंदणीत सहा महिने गेले असं धरा. त्या सहा महिन्यांत तुम्ही दवाखान्यात ड्युटी केली तरी ती बाँडमध्ये धरली जात नाही, कारण घड्याळ नोंदणीनंतर सुरू होतं. म्हणजे आजपासून साडेपाच वर्षं.

समजा बाँडची दोन वर्षं काढून, एक वर्ष उरलं असताना सोडलं. ‘संपूर्ण खर्च’ मध्ये फी 1,60,000 आणि 24 महिन्यांचे 1,44,000, मिळून 3,04,000. व्याज सरळ धरलं तरी पहिल्या हप्त्याला साडेचार वर्षं, दुसऱ्याला साडेतीन आणि मासिक रकमेला सरासरी साडेतीन वर्षं होतात. ते सुमारे 2,06,000. एकूण पाच लाख दहा हजारांच्या घरात. तीच अट ‘फक्त भरलेली फी, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, बिनव्याजी’ अशी असती तर एका वर्षाचे 53,333. दोन्ही वेळा लोक तिला ‘तीन वर्षांचा बाँड’ च म्हणतील.

दवाखान्याच्या ऑफिसातला माणूस
मी मालकाच्या बाजूने बोलतो, शिव्या द्या. आमच्याकडून शिकून एक सिस्टर डिग्री हातात पडताच गेली, फी आमची आणि फायदा नागपूरच्या हॉस्पिटलचा. गावात स्टाफ टिकत नाही. दीड लाख कोणी फुकट भरत नाही, त्याबदल्यात काही वर्षं मागणं अन्याय नव्हे. बाई स्वतः सही करते आहे, कोणी जबरदस्ती केली नाही.

माजी एचआर, घुग्घुस
फी परत मागणं अन्याय नाही, हे मलाही मान्य. पण 6,000 चं काय? रविवारी आणि सुट्टीत ड्युटी करून मिळालेले पैसे म्हणजे मजुरी. तुम्ही तिला खर्चात घालून व्याजासह परत मागताय. ही ओळ काढली तर तुमच्या बाजूने बोलायला मीही तयार आहे.

दवाखान्याच्या ऑफिसातला माणूस
मजुरीचा मुद्दा ठीक. बाकी बाँड हवाच.

उमरखेडचा बाबूराव
अहो, माझ्या पुतण्याला एमबीबीएसनंतर ग्रामीण सेवेचा बाँड होता, दहा लाखांचा. तेव्हा सरकारकडे भरून मोकळं होता यायचं. तुम्हीपण तसंच करा, पीएचसीत जा म्हणजे बाँड संपतो.

पांढरकवड्याची सिस्टर
काका, तो सरकारी बाँड, कॉलेजातल्या सीटबद्दलचा. माझा मालकासोबतचा आहे. पीएचसीत गेले तर माझ्यावर उलट वसुली निघेल.

बल्लारपूरचा फिटर
आमच्या कंपनीनं मले डिप्लोमा करवला तवा असंच होतं. कोर्स झाला, दीड वर्षानं ठेकेदार बदलला, नव्यानं मले काढलं अन् वरून फीची नोटीस! ‘कोणत्याही कारणाने’ हे दोन शब्द पायलेच नव्हते मी. ताई, त्यांनी काढलं तं तू पैसे काऊन द्यावे? तेवढं खोडायला लाव. ‘स्वतः राजीनामा दिल्यास’ एवढंच लिवा म्हन.

माजी एचआर, घुग्घुस
हे कलम सगळ्यात आधी. राजीनामा किंवा सिद्ध झालेला गैरवर्तनाचा दोष, एवढ्यावर वसुली ठेवा. दवाखाना विकला, बंद पडला, स्टाफ कमी केला, आजारपण आलं, एखादा विषय राहिला, यांपैकी कशातही पैसे परत नकोत. नापास झाल्यास एक संधी फी न मागता, असंही लिहून घ्या. तोंडी ‘आपण बघून घेऊ’ हे चालत नाही, कारण पाच वर्षांनी मॅनेजर तोच असेल असं नाही.

कोऱ्या चेकवर मी ठाम आहे, देऊ नका. सही केलेला कोरा चेक त्यांनी आकडा टाकून बँकेत लावला आणि वटला नाही तर कलम 138 चा फौजदारी खटला उभा राहतो. देणं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. जामीनदार भावावर तर तुमच्याइतकीच जबाबदारी, त्याने नुसती ‘साक्ष’ दिली असं नंतर म्हणता येणार नाही.

बिनधास्त वणीकर
इतकी कटकट असेल तं एज्युकेशन लोन घे ना. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. बाँडही नाही, मालकही नाही.

दारव्ह्याची मावशी
लोनमध्ये कोर्स करताना पगार बंद, आणि हप्ते नंतर चालूच. घरात कमावती तीच असेल तर बाँडच परवडतो. शिवाय महाडीबीटीतून फी परत मिळायची पात्रता असेल तर ते आधी तपासा. दवाखान्याने भरायची रक्कम तेवढी कमी लिहायला हवी, नाहीतर शिष्यवृत्तीचा पैसाही त्यांच्या ‘खर्चात’ जाईल.

पांढरकवड्याची सिस्टर
मालकांशी बोलले. मासिक 6,000 वसुलीतून काढायला तयार झाले. बाँड निकालानंतर रुजू झाल्याच्या तारखेपासून, नोंदणीसाठी थांबायचं नाही, हेही मानलं. महिन्याच्या प्रमाणात रक्कम कमी करायला तयार नाहीत, आणि ‘कोणत्याही कारणाने’ काढायला वकिलाला विचारतो म्हणतात. चेकच्या जागी फक्त भावाची सही चालेल असं म्हणाले. भावाला विचारायचंय.

माजी एचआर, घुग्घुस
प्रमाणात कमी करणं नाही, तर वर्षागणिक तरी मागा. पहिलं वर्ष झालं की दोन तृतीयांश, दुसरं झालं की एक तृतीयांश. हिशेब त्यांनाही सोपा. आणि नवा मसुदा आला की शेवटचं पान नाही, कलम सातच पुन्हा वाचा. जुनं वाक्य बऱ्याचदा तिथेच राहून जातं.

दवाखान्याच्या ऑफिसातला माणूस
वर्षागणिक पद्धत आमच्याकडेही आहे. मालक नाही म्हणाले तर सोडून द्या असं मात्र मी म्हणणार नाही.