गिझरचा प्लग दुसऱ्यांदा वितळला, ट्रिप मात्र काहीच होत नाही. मदत हवी आहे

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. बाथरूमबाहेर गिझरसाठी पॉवर पॉइंट आहे. गिझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा. दिवाळीच्या सुमारास सॉकेट जळालं म्हणून वायरमनला बोलावलं, त्याने नवीन सॉकेट बसवून दिलं. चार महिने नीट चाललं. परवा सकाळी जळका, उग्र वास आला म्हणून बटण बंद करून प्लग ओढला तर तो सॉकेटला चिकटूनच बसलेला. खालच्या दोन भोकांपैकी उजवीकडचं काळंकुट्ट, आणि प्लगची तीच पिन काळी पडून वाकडी झालीय. बाकी दोन पिना चकचकीत.

वायरमन म्हणतो, "साहेब, तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतंय, स्टॅबिलायझर बसवा." मला प्रश्न असा की एमसीबी का पडली नाही? आणि याच पॉइंटवर आम्ही इस्त्रीही लावतो, तेव्हा काही होत नाही.

शेंगाचटणी

गिझरची कॉइल बघून घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी, दोन वर्षांत कॉइलवर चुन्याचा थर बसतो बघा. मग ती जास्त करंट ओढते नि प्लग जळतो. आमच्याकडे कॉइल बदलल्यावर थांबलं.

नीता_प

आमच्या एसीचाही प्लग गरम होतो. दीड टनाचा आहे. त्याला कुठला स्टॅबिलायझर घ्यावा?

मिल_मेंटेनन्स

नीताताई, तुमचं आधी उरकतो. एसीचा प्लग गरम होत असेल तर स्टॅबिलायझर नंतर बघा, आधी आज रात्री तो प्लग वापरू नका. एसीला वेगळी लाइन आणि 20 अँपिअरचा मेटल बॉक्सवाला प्लग-सॉकेट बसवतात, तो बसवून घ्या.

आता जुळे सोलापूरकर. उत्तर तुमच्याच वर्णनात आहे: एकच पिन काळी, बाकी दोन चकचकीत. करंट जास्त आला असता तर उजवी-डावी दोन्ही पिना सारख्याच तापल्या असत्या, कारण दोन्हीतून तेवढाच करंट जातो. एकच तापली म्हणजे दोष त्या एका जागी आहे. पिन आणि आतली पितळी पाती यांची पकड सैल पडलीय.

2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर. पकड चांगली असेल तर त्या सांध्याचा रेझिस्टन्स शंभरावा हिस्सा ओहम धरा, तिथे पाऊण वॅट उष्णता होते, कळतही नाही. पकड सैल होऊन तो 0.3 ओहम झाला की त्याच जागी जवळजवळ 23 वॅट. झाळ लावायची 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न असते ना, ती सॉकेटच्या पोटात चालू ठेवल्यासारखं. पातीचा ताव उतरतो, ती अजून सैल होते, पितळ काळं पडतं, रेझिस्टन्स आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबत नाही.

एमसीबी का पडली नाही? कारण करंट वाढलाच नाही, सांध्याच्या रेझिस्टन्समुळे झाला तर किंचित कमीच झाला. एमसीबीला फक्त करंट कळतो, सॉकेटचा ताप नाही.

इस्त्री 1000 वॅटची धरा. तिचा करंट निम्मा, आणि उष्णता करंटच्या वर्गाने चढते, म्हणजे तोच खराब सांधा इस्त्रीला चौथा हिस्साच तापतो. शिवाय इस्त्री थर्मोस्टॅटने बंद-चालू होत राहते.

जुळे_सोलापूरकर

काका, पटलं. पण सॉकेट तर नवीन होतं! चार महिन्यांत पकड कशी सैल होईल?

मिल_मेंटेनन्स

वायरमनने सॉकेट बदललं. प्लगही बदलला का?

जुळे_सोलापूरकर

नाही. जुनाच. कानशीने घासून दिला होता.

मिल_मेंटेनन्स

झालं मग. जळलेली पिन खडबडीत नि घासून बारीक झालेली, ती नव्या पातीला नीट भिडतच नाही. एक जळालं की जोडी बदलायची, सॉकेट आणि पिन टॉप दोन्ही. शेंगाचटणींचं अर्धं बरोबर आहे. चुन्याने कॉइल जास्त करंट ओढत नाही, पण पाणी तापायला वेळ लागतो, म्हणजे तोच करंट जास्त वेळ वाहतो आणि सैल सांध्याला तापायला तेवढी फुरसत मिळते.

टेलर_पूर्वभाग

आमचं युनिफॉर्मचं काम, दिवसभर प्रेस चालते. प्लग सैल वाटला की आम्ही पिनेच्या फटीत ब्लेड घालून ती जरा फाकवतो. घट्ट बसते. पाच वर्षं चाललंय.

मिल_मेंटेनन्स

जुन्या चिरलेल्या पिनेला ते जमायचं, तेही तात्पुरतं. फाकवलेली पिन पातीला दोन टोकांवरच टेकते. हाताला घट्ट लागते, पण करंटला जागा मिळत नाही. आणि फाकलेल्या पिनेने पाती कायमची रुंद होते, मग दुसरा कुठलाही प्लग त्यात ढिलाच बसतो.

घ्यायचं काय ते सांगतो. तुमचं सॉकेट बारीक आणि जाड दोन्ही पिना घेणारं, सहा-सोळा असणार, म्हणून तर इस्त्री लागते. एकाच पातीने दोन जाडीच्या पिना धरायच्या, त्यात दोन्हींकडे तडजोड असते. गिझरसाठी फक्त 16 अँपिअरचं, आयएसआय मार्कचं, झडपवालं सॉकेट घ्या. इस्त्रीला वेगळा पॉइंट काढा. 16 अँपिअरच्या सॉकेटला जुने लोक पंधरा अँपिअर म्हणतात, दुकानदारही म्हणतो, गोंधळू नका. टॉप घेताना हातात तोलून बघा, भरीव पितळी पिन वजनाला लागते. दुकानातच सॉकेटमध्ये घालून बघा, जोर लावावा लागला पाहिजे, आणि ओढताना सहज सुटता कामा नये.

बसवताना मेन बंद करून मागचा स्क्रू बघा. प्लास्टिक भोकाच्या तोंडाशी जळालं असेल तर दोष पकडीचा, मागे वायरीच्या स्क्रूपाशी जळालं असेल तर स्क्रू ढिला होता. काळी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, मगच आवळा. वायर 2.5 स्क्वेअर एमएमची हवी.

जुळे_सोलापूरकर

आज उघडलं. भोकाच्या तोंडाशी जळालंय, मागचे स्क्रू घट्ट होते. दोन्ही नवीन आणलं. वीस मिनिटं गिझर चालवून बटण बंद केलं आणि प्लग हाताने बघितला: कोमट, आधी बोट टेकवत नव्हतं. पण वायरीवर खूण पुसट आहे, 1.5 आहे की 2.5 ते वायरमनलाही सांगता येईना. तो आता म्हणतोय, प्लगच काढून गिझर थेट 20 अँपिअरच्या डीपी स्विचला जोडू, सांधाच राहणार नाही.

मिल_मेंटेनन्स

त्याचं म्हणणं चुकीचं नाही, पण वायर 1.5 निघाली तर नुसता डीपी बसवून भागणार नाही, वायर 2.5 ची हवी. तारेचा एक धागा कॅलिपरने मोजा आणि धागे किती ते मोजून इथे टाका.

नीता_प

काका, मेटल बॉक्सला भोक वरून पाडायचं का खालून?