मदत हवी आहे : ऑपरेशनच्या आधी कॉरिडॉरमध्ये म्हणायला काय घ्यावं?

सोमवारी सकाळी सांगलीत अण्णांची बायपास आहे. आत नेण्याआधी स्ट्रेचर दोन-तीन मिनिटं दाराशी थांबेल, तेव्हा आई, आत्या आणि आम्ही दोघं भाऊ मिळून काहीतरी म्हणणार आहोत. शेजारी इतर पेशंट असतात, म्हणून हळू आवाजात. मोबाईलवर लावायचं नाही.

घरी हरिपाठ म्हणून पाहिला, पण सत्तावीस अभंग तिथे होणार नाहीत. पसायदान नऊ ओव्यांचं, तेवढ्या वेळात बसतं. ते शेवटी घेऊ. आधी रामरक्षेतलं कवच, ‘शिरो मे राघवः पातु’पासून ‘पातु रामोऽखिलं वपुः’पर्यंत घ्यावं असं वाटतं. त्यात ‘हृदयं जामदग्न्यजित्’ येतं. काल तिथे आईनं अण्णांच्या छातीवर हात ठेवला आणि तिचा आवाजच फुटेना.

अडचण एकच. ‘मे’ म्हणजे ‘माझं’. अण्णांना पाठ नाही, आम्ही त्यांच्यासाठी म्हणणार. मग श्लोक तसाच ठेवून आधी त्यांच्या नावानं संकल्प करायचा, की त्यांच्याकडून एकेक चरण मागून म्हणवून घ्यायचा? आणि नंतर बाहेर चार-पाच तास बसताना आत्याला वाचून दाखवायला सोप्या मराठीतला पानभर मजकूर कोणता घ्यावा?